डॉक्टरांवर फौजदारी गुन्हा केव्हा होतो: ‘घोर’ निष्काळजीपणाची कसोटी

प्रश्न: माझ्या मामांचे (वय ५२) पित्ताशयातील खड्यांचे ऑपरेशन कोल्हापुरातील एका खासगी रुग्णालयात संध्याकाळी पाचला दुर्बिणीतून झाले. रात्रभर ते पोट दुखते म्हणून सांगत होते. पहाटे चारला ते गेले. शवविच्छेदनात पोटात रक्तस्राव निघाला. सर्जन रात्रीत एकदाही आले नाहीत, फोनवरच सूचना देत होते. पोलीस म्हणतात, सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या डॉक्टरांचा अभिप्राय आल्याशिवाय गुन्हा नोंदवणार नाही. चूक इतकी उघड असताना ही अट कशासाठी? आणि ग्राहक आयोगात गेलो तर फौजदारी सोडावी लागेल का?

उत्तर:

पोलिसांची अट कायद्याला धरून आहे. तुमच्या मामांच्या प्रकरणात ती तुमच्या बाजूनेही उपयोगी पडू शकते, मात्र अभिप्राय देणाऱ्या डॉक्टरांसमोर कोणता प्रश्न ठेवला जातो आणि त्यांना कोणती कागदपत्रे दिली जातात, यावर ते अवलंबून राहील. गेली बरीच वर्षे मी कोल्हापुरात फौजदारी वकिली करतो आणि अशा प्रकरणांत दोन्ही बाजूंनी उभा राहिलो आहे. नातेवाइकांचे नुकसान बहुतेक वेळा याच टप्प्यावर झालेले मी पाहिले आहे.

आधी कलम पाहू. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(१) लागू होते. पूर्वी याच जागी भारतीय दंड संहितेचे कलम ३०४-अ होते. बेदरकार किंवा हयगयीच्या कृतीने, सदोष मनुष्यवध होणार नाही अशा प्रकारे, कोणाच्या मृत्यूस कारण होणे हा तो गुन्हा. सर्वसाधारण आरोपीसाठी आता शिक्षेची मर्यादा पाच वर्षे आहे. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना हे घडले, तर ती दोन वर्षे आणि दंड अशी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये डॉक्टरांना फौजदारी कायद्यातून सूट मिळाल्याच्या बातम्या फिरल्या आणि आजही काही डॉक्टर मला ते ऐकवतात. सूट मिळालेली नाही. जुन्या कायद्यातील दोन वर्षांची मर्यादा त्यांच्यापुरती कायम राहिली, एवढेच झाले. गुन्हा आजही दखलपात्र आहे आणि जामीनपात्रही आहे.

या कलमात, जुन्या काय आणि नव्या काय, ‘घोर’ हा शब्द कोठेही नाही. तो न्यायालयाने त्यात वाचला आहे. का वाचला, हे समजून घेण्यासाठी ज्या निकालावर आज सगळे उभे आहे, त्यातील घटना पाहावी लागेल, कारण ती तुमच्या मामांच्या घटनेइतकीच उघड वाटते.

लुधियानातील एका रुग्णालयात फेब्रुवारी १९९५ मध्ये एक वृद्ध रुग्ण दाखल होता. त्याचा कर्करोग पुढच्या टप्प्याचा होता. २२ तारखेच्या रात्री अकराच्या सुमारास त्याला श्वास घेणे जड जाऊ लागले. मुलाने परिचारिकेला बोलावले, परिचारिकेने डॉक्टरांना कळवले, पण तक्रारीनुसार वीस-पंचवीस मिनिटे कोणी आले नाही. दोन डॉक्टर आले आणि त्यांनी तोंडाला ऑक्सिजनची नळी लावली, तरी रुग्णाची तडफड वाढतच गेली, कारण जोडलेला सिलिंडर रिकामा होता. मुलाने शेजारच्या खोलीतून दुसरा सिलिंडर आणला. तो जोडण्याची सोय नव्हती आणि त्यात आणखी पाच-सात मिनिटे गेली. तोवर रुग्ण गेला होता. डॉक्टरांवर ३०४-अ खाली गुन्हा नोंदला गेला, दोषारोप ठेवला गेला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ५ ऑगस्ट २००५ रोजी सरन्यायाधीश लाहोटी यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो खटला रद्द केला. हा निकाल जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या नावाने ओळखला जातो.

रिकाम्या सिलिंडरपेक्षा उघड चूक कोणती, असा प्रश्न कोणालाही पडेल. न्यायालयाचे म्हणणे असे होते: हे डॉक्टर रुग्णावर उपचार करण्यास पात्र नव्हते, असा आरोपच नाही. तक्रार सिलिंडर उपलब्ध नसल्याची किंवा तो रिकामा असल्याची आहे. त्याबद्दल रुग्णालय दिवाणी कायद्याने कदाचित जबाबदार धरले जाईल (त्यावरही न्यायालयाने मत दिले नाही), पण नळी लावणाऱ्या डॉक्टरांना त्यासाठी फौजदारी आरोपी करता येणार नाही. दिवाणी दायित्वात कर्मचाऱ्याची चूक मालकाच्या अंगावर येते आणि नुकसान झालेल्याला पैसे मिळतात. तुरुंगाचा प्रश्न आला की त्या माणसाने स्वतः काय केले आणि करताना त्याला काय माहीत होते, एवढेच पाहावे लागते.

या निकालाच्या एक वर्ष आधी दिल्लीतील एका डॉक्टरच्या प्रकरणातही न्यायालयाने हेच म्हटले होते. नाकाच्या पडद्याची शस्त्रक्रिया होती. रक्त श्वासनलिकेत उतरू नये म्हणून योग्य मापाची नळी घातली गेली नव्हती आणि रुग्ण दगावला. नळी न घालणे ही हयगय असेल, पण तिला गुन्हा म्हणता येईल इतकी ती बेदरकार नाही, असे तिथे ठरले. पुढे दुसऱ्या पीठाने त्यावर शंका घेतली, की कलमात ‘घोर’ शब्द नसताना डॉक्टरांसाठी तो कोठून आणायचा? तीन न्यायमूर्तींपुढे हा प्रश्न त्यातूनच गेला. त्यांचे उत्तर असे की फौजदारी आणि दिवाणी निष्काळजीपणात फरक अंशाचा आहे. नुकसानभरपाईला पुरेल तेवढी हयगय शिक्षेला पुरत नाही, आणि ‘हयगयीची कृती’ हे शब्द ‘घोर’ या विशेषणासह वाचल्याशिवाय हा फरक टिकत नाही.

मग ‘घोर’ कशाला म्हणायचे? निकालातील कसोटी दोन भागांची आहे. सामान्य भान आणि सारासार विवेक असलेल्या कोणत्याही डॉक्टरने त्या परिस्थितीत जे केले नसते किंवा करायचे टाळले नसते, ते आरोपीने केले किंवा टाळले, हे आधी दिसले पाहिजे. त्यानंतर, त्याने पत्करलेला धोका असा हवा की झालेली इजा जवळजवळ ठरलेलीच होती. ‘दुसऱ्या एखाद्या सर्जनने वेगळे केले असते’ हे यात बसत नाही. ‘अधिक कुशल सर्जनच्या हातून हे झाले नसते’ हेही नाही. १९५७ च्या इंग्लंडमधील बोलॅम खटल्यापासून चालत आलेला नियम असा की त्या शाखेतील साधारण कौशल्याचा माणूस हे मोजमाप, सर्वोत्तम माणूस नव्हे.

या कडकपणाची कारणे न्यायालयाने दिली आहेत आणि त्यातले एक मला पूर्णपणे पटते. वाईट परिणाम समोर आल्यावर मागे वळून पाहणाऱ्याला प्रत्येक पायरीवर चूक दिसते, कारण शेवट त्याला माहीत असतो. ऑपरेशनच्या टेबलापाशी किंवा रात्री दोनला फोनवर असलेल्या डॉक्टरला तो माहीत नसतो. खटल्याच्या भीतीने हात थरथरणारा सर्जन रुग्णाच्या कामाचा नाही, आणि गुंतागुंतीचा रुग्ण न घेता पुण्या-मुंबईला पाठवून देणे हा त्याच्यासाठी सर्वांत सुरक्षित मार्ग ठरतो. गडहिंग्लज, चंदगड, आजऱ्याकडून रात्री येणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक ‘इथे नको, पुढे न्या’ हे वाक्य ओळखतात. त्याच निकालात न्यायालयाने हेही मान्य केले आहे, की वाटाघाटीत पैसे काढण्यासाठी डॉक्टरवर फौजदारीचा दबाव आणला जातो. असे प्रयत्न मी पाहिले आहेत, आणि काही पक्षकारांना मी स्वतः परत पाठवले आहे.

आता तुमच्या मामांकडे येऊ. तुम्ही लिहिलेल्या गोष्टींपैकी पोटदुखी आणि रक्तस्राव या दोन तुम्हाला सर्वांत ठळक वाटतात, पण फौजदारी दृष्टीने त्या दोन्ही सर्वांत कमकुवत आहेत. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. तो वायू नंतर छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली राहिल्याने पोट आणि खांदा दुखणे नेहमीचे आहे, आणि त्यावर फोनवर वेदनाशामक सांगणे बहुतेक सर्जन करतील. पित्ताशयाच्या धमनीवरची क्लिप सरकणे किंवा यकृताच्या पृष्ठभागातून रक्त झिरपणे हाही माहीत असलेला धोका आहे आणि संमतीपत्रात तो बहुधा लिहिलेला असतो. क्लिप सरकली एवढ्यावर कोणतेही न्यायालय सर्जनला आरोपी करणार नाही. शवविच्छेदनाचा अहवाल रक्त कोठून आले ते सांगेल. रात्री कोणाला काय कळले होते, ते त्यातून कळणार नाही.

ते नर्सिंग चार्टमधून कळते. पोटात रक्त साचू लागले की नाडी आधी वाढते, लघवी कमी होते, आणि रक्तदाब बराच वेळ टिकून नंतर कोसळतो. म्हणून दर तासाच्या नोंदी क्रमाने वाचाव्या लागतात. समजा त्यात असे निघाले: रात्री नऊला नाडी ९२, रक्तदाब १२०/८०, अकराला नाडी ११२, रक्तदाब ११०/७०, एकला नाडी १३०, रक्तदाब ९०/६०, लघवी जवळपास नाही, अडीचला रक्तदाब ७०. या नोंदी मी केवळ समजावण्यासाठी घेतल्या आहेत. आता याच आकड्यांची तीन वेगवेगळी प्रकरणे होऊ शकतात.

पहिले असे, की परिचारिकेने फोन फक्त अकराला केला, ‘पोट दुखतंय’ एवढेच सांगितले, आणि सर्जनने इंजेक्शन सांगितले. एक वाजताच्या नोंदी त्यांच्यापर्यंत गेल्याच नाहीत. इथे सर्जनवर १०६(१) टिकणे अत्यंत अवघड आहे. रात्रपाळीची व्यवस्था कच्ची होती, कर्मचाऱ्यांना केव्हा कळवायचे हे शिकवले नव्हते, म्हणून रुग्णालय भरपाईला जबाबदार धरले जाईल. लुधियानाच्या सिलिंडरसारखीच ही स्थिती आहे.

दुसरे असे, की एक वाजता आकडे कळवले गेले. सर्जनने सलाइन वाढवायला, रक्ताची तपासणी पाठवायला आणि अर्ध्या तासाने पुन्हा कळवायला सांगितले. दुसऱ्या फोननंतर ते निघाले, पण पोचेपर्यंत उशीर झाला. हा निर्णय चुकीचा ठरू शकतो, आणि माझ्या मते दिवाणी निष्काळजीपणा इथे सिद्ध होण्यासारखा आहे. तरी धोका ओळखून त्यावर काही तरी केले गेले. ‘कोणत्याही डॉक्टरने असे केले नसते’ असे म्हणायला सीपीआरमधील सर्जन सहसा तयार होणार नाही, आणि त्याने नकार दिला तर तो प्रामाणिक असू शकतो.

तिसरे असे, की एकला आणि अडीचला, दोन्ही वेळा, नाडी १३० आणि कोसळता रक्तदाब सर्जनला शब्दशः सांगितला गेला; ते शहरातच होते; तरी ते आले नाहीत, दुसऱ्या सर्जनला किंवा भूलतज्ज्ञाला पाठवले नाही, रक्त मागवले नाही, आणि वेदनाशामकच पुन्हा सांगितले. शस्त्रक्रियेनंतर दहा तासांच्या आत या आकड्यांचा अर्थ सर्जरीच्या निवासी डॉक्टरलाही कळतो. धोका समोर ठेवला गेला आणि त्याकडे पाठ फिरवली गेली. ‘घोर’ हा शब्द माझ्या मते इथे लागू होतो. रुग्णाला न पाहता, निदान न करता फोनवर उपचार देण्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली रत्नागिरीच्या एका प्रकरणात डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला होता. तो निर्णय जामिनाच्या टप्प्यावरचा होता आणि त्यात लावलेले कलमही अधिक गंभीर होते, म्हणून त्यावर फार भार टाकू नका. तरी फोनवरच्या उपचाराकडे न्यायालय कसे पाहते, ते त्यातून दिसते.

तिन्ही प्रकरणांत मृतदेह तोच, रक्तस्राव तोच, सर्जनची गैरहजेरीही तीच आहे. सर्जनला केव्हा काय माहीत होते, एवढेच बदलले. म्हणून ‘सर्जन आले नाहीत’ यापेक्षा ‘सर्जनला एक वाजता काय सांगितले गेले’ हे तुमच्या फिर्यादीचे पहिले वाक्य असायला हवे.

आणखी एक पैलू आपल्या भागात वारंवार येतो. रात्रपाळीला असलेले निवासी वैद्यकीय अधिकारी, म्हणजे आरएमओ, बहुधा होमिओपॅथीचे बीएचएमएस किंवा आयुर्वेदाचे बीएएमएस असतात. १०६(१) च्या स्पष्टीकरणात ‘नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक’ म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखाली मान्य पात्रता असलेला आणि त्या कायद्याखालच्या नोंदवहीत नाव असलेला, असे लिहिले आहे. ते शब्दशः वाचले तर अशा आरएमओला दोन वर्षांची कमी मर्यादा मिळत नाही. आपल्या पद्धतीबाहेरचा उपचार करणे ही गोष्ट स्वतःच निष्काळजीपणाची मानली जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मुंबईतील एका होमिओपॅथबाबत भरपाईच्या प्रकरणात सांगितले आहे. म्हणून त्या रात्री कोण ड्युटीवर होते आणि त्याने स्वतःहून काय दिले, हेही विचारा. सर्वांत कमी पगाराच्या माणसावर सगळे ढकलले जाण्याचा धोका यात आहे आणि मला तो आवडत नाही, पण कायद्याचे शब्द असे आहेत.

कार्यकारणाचा मुद्दा थोडक्यात सांगतो. मृत्यू त्या कृतीचा थेट परिणाम असावा लागतो, मधे दुसऱ्या कोणाची स्वतंत्र हयगय आली तर चालत नाही. हे सूत्र मुंबई उच्च न्यायालयाने १९०२ साली मांडले. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका रंगाच्या कारखान्यातील आगीच्या खटल्यात तेच लावले. सात कामगार मेले होते, परवान्याच्या अटी मोडल्या होत्या, तरी आग प्रत्यक्षात एका कामगाराच्या चुकीने लागल्याने मालकपक्षाच्या माणसाची ३०४-अ खालची शिक्षा रद्द झाली. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा, की अभिप्राय देणाऱ्याला हेही विचारावे लागेल: एक वाजता पोट उघडले असते तर रुग्ण वाचण्याची वाजवी शक्यता होती का?

आता अभिप्रायाबद्दल. जेकब मॅथ्यू निकालानुसार तपासी अंमलदाराने डॉक्टरविरुद्ध पुढे जाण्याआधी स्वतंत्र आणि सक्षम वैद्यकीय मत घ्यायचे असते, शक्यतो सरकारी सेवेतील आणि त्याच शाखेच्या डॉक्टरचे. नेहमीच्या पद्धतीने अटक करायची नाही, तपासासाठी ती खरोखर आवश्यक असेल किंवा डॉक्टर पळून जाण्याची शक्यता असेल तरच. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करता येते, हे ललिता कुमारी प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही वैद्यकीय निष्काळजीपणाचे नाव घेऊन मान्य केले आहे. व्यवहारात पोलिसांचे पत्र ‘सदर प्रकरणी निष्काळजीपणा झाला आहे किंवा कसे’ असे एका ओळीचे असते, सोबत शवविच्छेदन अहवाल आणि अर्धवट केसपेपर. त्याला उत्तरही एका ओळीचे येते: ‘ज्ञात गुंतागुंत, निष्काळजीपणा आढळत नाही.’ व्यवसायबंधूला वाचवले असे मग नातेवाईक म्हणतात. कधी ते खरेही असते, पण प्रश्नच असा विचारल्यावर दुसरे उत्तर कसे येणार?

म्हणून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि अभिप्रायासाठी प्रश्न तुम्ही सुचवा. नोंदींवरून रक्तस्रावाचा संशय कोणत्या वेळी यायला हवा होता? त्या वेळी साधारण कौशल्याच्या सर्जनने किमान काय केले असते? प्रत्यक्षात काय केले गेले? सर्जनला आकडे कळवल्याचा कागदावर काय पुरावा आहे? नर्सिंग चार्ट, भूल देतानाच्या आणि नंतरच्या नोंदी, औषधांचे पान आणि ड्रेन असल्यास त्याची नोंद सोबत जोडायला सांगा. तुम्हाला स्वतःला हे कागद मागण्याचा अधिकार आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार लेखी मागणीनंतर ७२ तासांत ते द्यावे लागतात. मिळाल्यावर एकाच शाईत, एकाच हाताने, एकाच बैठकीत भरलेल्या वाटणाऱ्या नोंदींकडे लक्ष द्या, आणि चार्टवरच्या वेळा औषध दुकानाच्या बिलांशी व प्रयोगशाळेच्या पावत्यांशी ताडून पाहा.

अभिप्राय विरुद्ध आला, तरी मार्ग बंद होत नाही. दंडाधिकाऱ्यांकडे खासगी फिर्याद करता येते, पण तिथेही दुसऱ्या सक्षम डॉक्टरचे विश्वासार्ह मत जोडावे लागते, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी मिळते. दोन वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत तीन वर्षे आहे. डॉक्टर गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जातील हे धरून चाला. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झाल्याने त्यासाठी दोघांनाही मुंबई गाठावी लागत नाही.

ग्राहक आयोगासाठी फौजदारी सोडावी लागत नाही. तिथे ‘घोर’ची अट नाही आणि फौजदारीत डॉक्टर सुटले तरी भरपाई मिळू शकते. कोलकात्याच्या एका प्रसिद्ध प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये डॉक्टरांची फौजदारी सुटका कायम ठेवली, त्याच निकालात त्यांना दिवाणी निष्काळजीपणासाठी जबाबदार धरले, आणि २०१३ मध्ये भरपाई सुमारे सहा कोटींवर गेली. मात्र ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांचीच आहे, आणि पोलिसांच्या अभिप्रायाची वाट पाहताना ती निघून गेलेली मी एकाहून अधिक वेळा पाहिली आहे. ती तक्रार आधी तयार ठेवा. आणि या आठवड्यातच तपासी अंमलदाराला लेखी कळवा, की रुग्णालयाच्या व सर्जनच्या फोनचे त्या रात्रीचे कॉल तपशील मागवावेत. दूरसंचार कंपन्या ते कायम जपून ठेवत नाहीत, आणि एक वाजताचा फोन झाला की नाही, हे चार्टव्यतिरिक्त फक्त तिथेच सापडेल.